घशात अडकलेला चार वाजताचा आवंढा

घशात काहीतरी अडकलंय, पण खरं तर काहीच अडकलेलं नाही, ही तक्रार दुसऱ्याला समजावून सांगणं महाकठीण. खोकला नाही, ताप नाही, खवखव नाही. सकाळी सगळं ठीक असतं, आणि दुपारी चारच्या सुमारास कुणीतरी शर्टाचं वरचं बटण लावून टाकल्यासारखा गळा आवळतो. (मी टी-शर्ट घालतो.) सोबत जबड्याच्या कोपऱ्यापासून कॉलरबोनपर्यंत एक बारीक ठसठस. रिलीजच्या त्या महिन्यात हे रोजचंच झालं होतं.

आईचं निदान तयार होतं: "फ्रीजमधलं पाणी पितोस ना, मग दुसरं काय होणार!" शेजारच्या क्युबिकलवाल्याच्या मते ॲसिडिटी. तीही असू शकते म्हणा, पित्त वर येऊनही असंच वाटतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं. "जेवताना अडकतं की नुसता आवंढा गिळताना?" विचार केला तर पोळी-भाजी सुरळीत उतरत होती, उलट जेवताना बरंच वाटायचं. नुसता आवंढा गिळला की अडथळा. हा फरक त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा. घास खरोखर अडकत असता तर चौकशीची दिशाच बदलली असती. नुसतं अडकल्यासारखं वाटण्याला ते लोक 'ग्लोबस' म्हणतात. त्यांनी मान चाचपली, नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. सगळं नॉर्मल. मग विचारलं, "लॅपटॉपवर किती तास?" आणि फिजिओकडे पाठवलं.

खरी गंमत तिथे कळली. कंठमण्याच्या थोडं वर, घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं, हायॉईड. हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्याने जोडलेलं नाही. स्नायू आणि बंधांच्या दोऱ्यांवर ते लोंबकळत असतं. काही दोऱ्या वर जीभ-जबड्याकडे, काही खाली छातीच्या हाडाकडे, आणि एक स्नायू तर थेट खांद्याच्या पात्यापासून निघून घशापर्यंत येतो! म्हणजे पाठीला पोक काढून मान पुढे घातली की या सगळ्या दोऱ्यांचा ताण बदलतो. प्रत्येक वेळी गिळताना हे हाड वर-पुढे सरकावं लागतं. दोऱ्या आधीच ताणलेल्या असतील तर गिळणं जाणवायला लागतं, एरवी ज्याचा पत्ताही नसतो.

खोटं वाटत असेल तर आत्ता करून बघा. हनुवटी स्क्रीनच्या दिशेने पुढे काढा आणि आवंढा गिळा. आता मान सरळ मागे घेऊन, हनुवटी किंचित आत ओढून गिळा. फरक कळला?

ठसठशीचं उत्तरही तिथेच सापडलं. कानामागून कॉलरबोनपर्यंत तिरका जाणारा जाड स्नायू फिजिओने चिमटीत हलकेच दाबला आणि माझी नेहमीची कळ जशीच्या तशी उमटली. (नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. हे नावच घशात अडकतं.) डोकं असतं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते खांद्यांच्या पुढे लोंबत ठेवलं की मानेचे स्नायू तासन्‌तास ते धरून ठेवतात. त्यात डेडलाइन असली की आपण दात आवळतो आणि वरवरचा, छातीतून श्वास घेतो. त्या श्वासाला पुन्हा मानेचेच स्नायू जुंपलेले.

लॅपटॉपची मूळ अडचण अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. हात सुखात तर मान वाकलेली, मान सुखात तर खांदे वर. त्यामुळे कीबोर्ड-माऊस वेगळे घेतले आणि लॅपटॉप खोक्यावर चढवला, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल असा. दर अर्ध्या तासाने उठणं, आणि दिवसातून तीन-चारदा हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरणं, दहा वेळा. हनुवटी छातीला लावायची नाही, ड्रॉवर बंद केल्यासारखी मागे न्यायची. दातांमध्ये थोडी फट, श्वास पोटातून. फिजिओचं म्हणणं, आदर्श बैठक वगैरे काही नसते. ताठ बसूनही चार तास हललं नाही तर आखडणारच.

एक मात्र आहे. घास अडकणं, गिळताना दुखणं, वजन उतरणं, मानेत गाठ, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, एकाच बाजूला घसा किंवा कान सतत दुखणं, यातलं काही असेल तर खोकी-बिकी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. जिना चढताना गळा आवळून येत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर हृदयाची तपासणी, तीही लगेच. श्वास घेता येत नसेल तर थेट इस्पितळ.

माझा आवंढा तिसऱ्या आठवड्यात चारवरून सहावर सरकला, मग रोजचा न राहता कधीमधी येऊ लागला. आता फक्त रिलीजच्या आठवड्यात हजेरी लावतो. खोकं मात्र शेजारच्या क्युबिकलवाल्याने पळवलंय.