सगळीकडे पाचपैकी पाच

चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात काम करते. भरतीच्या वेळी उमेदवारांकडून संगणकावर ज्या सायकोमेट्रिक चाचण्या करून घेतल्या जातात, त्यांचे अहवाल माझ्या टेबलावर येतात. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. एक क्षमता चाचणी, म्हणजे आकडेमोड, तर्क, उतारा वाचून उत्तरं. तिथे उत्तर बरोबर तरी असतं नाहीतर चूक. सरावाने वेग वाढतो, आणि तो सराव जरूर करावा. दुसरी व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली. तिच्यात बरोबर उत्तर असं काही नसतं, पण लहानपणापासून मार्कांवर वाढलेल्या आपल्या मुलांना हे पटवून देणं फार कठीण जातं.

क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आलेल्या एका मुलाचं उदाहरण सांगते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, बीड जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्रश्नावलीत शंभरावर विधानं होती, सगळी इंग्रजीत. प्रत्येकापुढे 'अजिबात लागू नाही' ते 'पूर्णपणे लागू' असे पाच पर्याय. चांगलं दिसेल त्या प्रत्येक विधानाला त्याने पाच दिले होते. काटेकोरपणा ९, मनमिळाऊपणा ९, ताणात शांत राहणं ९. शेजारी दोन लाल खुणा: एक 'प्रतिमा जपण्याचा कल जास्त' आणि दुसरी 'उत्तरांत विसंगती'. आमच्या उत्पादन विभागाच्या साहेबांनी अहवाल पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हा तर खोटं बोलतोय. पुढचा बघा."

आधी त्या ९ चं बघू. हे दहापैकी नऊ मार्क नव्हेत. तुमची उत्तरं आधीच्या एका मोठ्या गटाच्या उत्तरांशेजारी ठेवून तुम्ही त्या गटात कुठे बसता, हे तो आकडा सांगतो. या १ ते १० च्या मोजपट्टीवर शंभरातली अडतीसेक माणसं ५ किंवा ६ वरच असतात. म्हणून ५ आला की नापास, हा समज चुकीचा. शिवाय चांगल्या चाचणीतही हा आकडा एखाद्या घराने इकडेतिकडे सरकू शकतो. एकाला ६ आणि दुसऱ्याला ७ म्हणून दुसरा सरस, असं म्हणायला काही आधार नाही. हे सांगून माझा घसा कोरडा पडतो, तरी साहेब लोक आकडा बघूनच यादी लावतात.

'प्रतिमा' मोजण्यासाठी काही विधानं मुद्दाम पेरलेली असतात. 'मी दिलेला शब्द एकदाही मोडलेला नाही', 'माझ्या मनात कुणाविषयी कधीच वाईट विचार आला नाही' अशा छापाची. बहुतेक माणसं इथे थोडं कमी गुण देतात. सगळ्यांवर 'पूर्णपणे लागू' म्हटलं की खूण लाल होते. पण त्यातून खोटेपणा सिद्ध होत नाही. नोकरीच्या दारात उभा असलेला माणूस स्वतःला जरा नीटनेटकं करूनच दाखवतो, इस्त्रीचा शर्ट घालतो तसाच. त्यामुळे तुलनेचा गटही नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांचाच हवा. निवांत बसून उत्तरं दिलेल्या लोकांशी तुलना केली तर जवळजवळ प्रत्येक उमेदवार संशयित ठरेल. ती खूण दिसली की मुलाखतीत खोलात जाऊन विचारायचं, एवढाच तिचा उपयोग.

राहिली विसंगती. एकच गोष्ट प्रश्नावली दोनदा विचारते, एकदा सरळ आणि एकदा फिरवून. 'मी नोंदी वेळच्या वेळी करतो' हे एका ठिकाणी, आणि पुढे कुठेतरी 'नोंदी मागे पडल्या तरी मला फारसं काही वाटत नाही असं क्वचितच होतं'. इंग्रजीतलं असं दुहेरी नकाराचं वाक्य घड्याळाकडे बघत वाचायचं! मी त्याला बोलावून तशी चार-पाच विधानं मराठीत सांगितली. त्याची उत्तरं सरळ जुळली. मुलगा खोटं बोलत नव्हता, वाक्यं त्याच्या डोक्यावरून गेली होती.

मग मी विचारलं, "नोंद राहून गेली असं शेवटचं कधी झालं?" आधी म्हणाला, "नाही मॅडम, असं होत नाही." मी गप्प बसले. थोड्या वेळाने त्याने सांगितलं. अप्रेंटिसशिप करताना दर तासाला पाच नग मायक्रोमीटरने मोजून रजिस्टरात लिहायचे होते. एका शिफ्टला मशीन सारखं बंद पडत होतं, त्या गडबडीत तीन तासांची मापं त्याने शेवटी आठवून एकदम भरली. सुपरवायझरने एकाच शाईतल्या, एकाच दमात लिहिलेल्या ओळी ओळखल्या आणि ते नग पुन्हा मोजायला लावले. "तेव्हापासून खिशात चिठ्ठी ठेवतो, मोजलं की आधी चिठ्ठीवर," तो म्हणाला. काटेकोरपणाच्या ९ पेक्षा या चिठ्ठीतून मला जास्त कळलं. गेज हाताळायची प्रात्यक्षिक परीक्षा त्याने दिली, आणि तिच्या व मुलाखतीच्या जोरावर तो लागला.

या प्रश्नावल्यांचं मोल शून्य आहे असं मी म्हणत नाही. बॅरिक आणि माउंट या अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र करून दाखवलं, की व्यक्तिमत्त्वाच्या पाच मोठ्या पैलूंपैकी काटेकोरपणाचा संबंध जवळपास सगळ्याच कामांतल्या कामगिरीशी लागतो. पण हा संबंध ०.२ च्या आसपासचा आहे. म्हणजे माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम चार टक्के वाटा त्यावरून उलगडतो. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत याहून बरीच पुढे आहे. माणसांना चार अक्षरांचे सोळा प्रकार लावणारी ती प्रसिद्ध चाचणी तर निवडीसाठी वापरू नका, असं तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात. तरीही ती वापरणारे भेटतात.

उत्तरं देताना एवढंच करावं, की घरातला किंवा मित्रांतला मी नव्हे, कामावरचा मी कसा आहे ते आठवायचं. गेल्या वर्षभरात आपण खरंच काय केलं, त्यावर बोट ठेवायचं. कामाचा अनुभव नसेल तर कॉलेजचा प्रोजेक्ट धरावा. भीतीने सगळीकडे मधला पर्यायही निवडू नये, त्यातून कुणालाच काही कळत नाही. काही प्रश्नावल्या तीन चांगली विधानं समोर ठेवतात, 'बारकाईने तपासतो', 'पुढाकार घेतो', 'सगळ्यांना सांभाळून घेतो', आणि सर्वांत लागू कोणतं व सर्वांत कमी कोणतं ते विचारतात. तिथे सगळीकडे चांगलं दिसायची सोयच नसते. जाहिरात वाचून पुढाकार वर ओढलात, तर तुमची बारकाई खाली जाते आणि क्वालिटीच्या जागेवर नेमकी तीच हवी असते.

आणि चाचणीला बसण्याआधी दोन गोष्टी विचारायला लाजू नका: प्रश्नावली मराठीत मिळते का, आणि तिला वेळेची मर्यादा आहे का. अनेक प्रश्नावल्या एकाहून जास्त भाषांत असतात, पण कुणी मागितलंच नाही तर आम्ही इंग्रजीचीच लिंक पाठवून मोकळे होतो.