गच्चीवरचे संगीत आणि एक चिठ्ठी

शिरूरच्या बाजारपेठेत तीन पिढ्या भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात गेल्या फेब्रुवारीत लेकीचे लग्न झाले. मुलगी दौंडला दिली. लग्न मंगल कार्यालयात होते. परंतु आदल्या रात्रीचा संगीताचा कार्यक्रम घरच्या गच्चीवरच व्हावा, अशी मुलांची हौस होती. दहाला आटोपायचे असे ठरले होते. दौंडची मंडळी वाटेत अडकल्याने उशिरा पोहोचली, त्यांच्यासाठी नाच पुन्हा झाले, आणि भोंगे बंद झाले तेव्हा साडेअकरा वाजले होते.

नियम सर्वांना ठाऊक असतो तसा त्यांनाही ठाऊक होता. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत जी सवलत शासन देते, ती सार्वजनिक सण-उत्सवांची. घरच्या लग्नाची नव्हे. गच्ची म्हणजे बंदिस्त सभागृहही नव्हे. त्यातून जुन्या पेठेतील घरे भिंतीला भिंत लावून उभी. खिडक्या लावून घेतल्या तर गाण्याचे शब्द बाहेर राहतात. ढोलाचा खालचा ठोका मात्र भिंतीतून आत येतोच. म्हणूनच गच्चीवरच्या माणसाला ‘फार मोठा नव्हता’ असे प्रामाणिकपणे वाटणारा आवाज शेजारच्या खोलीत पलंगापर्यंत पोहोचलेला असतो.

शेजारच्या घरात बारावीचा मुलगा होता. त्याचा पहिला पेपर दोन दिवसांवर आला होता. पलीकडच्या घरात नुकतेच शस्त्रक्रिया होऊन आलेले वृद्ध गुरुजी होते. त्या रात्री कोणीही दार वाजवले नाही, की पोलिसांना फोन केला नाही. उलट दुसऱ्या दिवशी सारी आळी अक्षता टाकायला हजर होती. गृहस्थांना बोच लागली ती याचीच. कोणी भांडले असते तर त्यांनाही चार शब्द बोलून मोकळे होता आले असते.

पाठवणीनंतर घर रिकामे झाले आणि हा विषय निघाला. धाकट्या भावाचे म्हणणे पडले की, संवत्सरीला सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतोच, त्यात हेही आले. घरातील वृद्ध आई एवढेच म्हणाली, “भाद्रपद यायला सहा महिने आहेत. तोवर पोरगा रोज समोरून जाणार. त्याच्याकडे कोणत्या तोंडाने बघायचे?” पुतण्याने मोबाइलवरच्या गटात संदेश टाकण्याचे सुचवले, परंतु गुरुजींकडे तसला फोन नाही, आणि गटात टाकलेली क्षमा ही जाहिरातीसारखी असते, ती कोणा एकाची नसते. शेवटी चिठ्ठी लिहायचे ठरले.

गृहस्थांनी पहिला मसुदा पानभर लिहिला. आरंभी मंगलकार्य निर्विघ्न पार पडल्याचा आनंद, मग दौंडच्या पाहुण्यांना झालेला उशीर, मग मुलांचा उत्साह, आणि अखेरीस ‘या गडबडीत कोणास काही त्रास झाला असल्यास क्षमस्व’. आईला तो वाचून दाखवला.

ती म्हणाली, “असल्यास कशाला रे? झाला की नाही हे तुला माहीत नाही का? आणि पाहुण्यांना उशीर झाला, यात गुरुजींचा काय दोष?”

चिठ्ठीतील दोन्ही खोट तिने नेमक्या दाखवल्या. ‘असल्यास’ या शब्दाने चूक झाली की नाही हे ठरवण्याचे काम ज्याला त्रास झाला त्याच्यावरच पडते. आणि कारणे खरी असली तरी ती वाचताना समोरच्याला ‘असू द्या हो, चालायचेच’ असे म्हणणे भाग पडते. म्हणजे आधी झोप गेली आणि वर समजूत घालण्याचे कामही त्याच्याच गळ्यात आले. दुसऱ्या मसुद्यात कारणे गेली, ‘असल्यास’ गेले, आणि एवढेच उरले:

‘स. न. वि. वि. परवा रात्री आमच्या गच्चीवरचे गाणे-बजावणे साडेअकरापर्यंत चालले. ते दहाला थांबवायला हवे होते, थांबवले नाही, ही आमची चूक. आपली झोप मोडली, मुलाचा अभ्यास बुडाला, याबद्दल मनापासून क्षमा मागतो. आपण सारे सोसून दुसऱ्या दिवशी आशीर्वाद द्यायला आलात, याबद्दल आभारी आहोत. पुढच्या कार्यात आवाज दहाला बंद होईल.’

सात घरांसाठी सात चिठ्ठ्या त्यांनी हाताने लिहिल्या. अभ्यासाचा उल्लेख फक्त एकीत ठेवला. गुरुजींच्या चिठ्ठीत त्याऐवजी त्यांच्या दुखण्याचा आला. मिठाईचा पुडा सोबत न्यायचा नाही, असे आईने बजावले होते. तो चार दिवसांनी, लग्नाचा म्हणून वेगळा गेला. चिठ्ठीबरोबर पेढे दिले की हिशोब चुकता केल्यासारखे दिसते, आणि घेणाऱ्याला नाराज राहण्याची सोय उरत नाही, असे तिचे मत होते. व्यापारी घरातील बाईला हे कळावे यात नवल नाही.

प्रत्येक दारी गृहस्थ स्वतः गेले, दोन मिनिटांहून अधिक थांबले नाहीत. सहा घरी ‘अहो, कशाला एवढे’ असे उत्तर मिळाले. बारावीच्या मुलाची आई मात्र चिठ्ठी वाचून म्हणाली, “भाऊ, खरे सांगू? त्या रात्री मला फार राग आला होता. तो कानात बोळे घालून बसला होता.” गृहस्थ फक्त “हो ताई, चुकलेच आमचे” एवढे म्हणाले आणि थांबले. हे थांबणे सर्वांत अवघड होते, असे त्यांनी नंतर घरी सांगितले. कारण दौंडच्या गाडीची सारी हकीकत ओठांवर आली होती.

इकडे दौंडला निराळाच प्रसंग घडला. सुनेच्या गृहप्रवेशाला दारात बँड लावला होता, तोही दुपारी तीन वाजता, म्हणजे रात्रीच्या बंदीच्या वेळेबाहेर. पण दौंड हे रेल्वेचे गाव. तेथे कितीतरी घरांत रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो. वरच्या मजल्यावर मालगाडी चालवणारे एक गृहस्थ राहत. ते पहाटे परतले होते आणि त्याच रात्री त्यांना पुन्हा कामावर जायचे होते. त्यांच्या पत्नीने तक्रार केली नाही, फक्त खिडकी लावून घेतली. नव्या सुनेने ते पाहिले. माहेरच्या चिठ्ठीची गोष्ट तिला फोनवरून कळली होती. तिने संकोचत सासूबाईंजवळ विषय काढला. सासऱ्यांना प्रथम पटेना. भरदुपारी वीस मिनिटे बँड वाजला, त्यात नियम कोणता मोडला, असे त्यांनी विचारले. नियम मोडला नव्हताच. सासूबाई म्हणाल्या, “नियम नाही मोडला, झोप मोडली.”

तेथे चिठ्ठी लिहिली गेली नाही. सासूबाई सुनेला घेऊन वर गेल्या, दोन वाक्ये बोलल्या, आणि यापुढे काही कार्य असले तर आदल्या दिवशी तुमची ड्यूटी विचारून वेळ ठरवू, असे सांगून आल्या. वरच्या बाईंनी सुनेला आत बोलावून कुंकू लावले.

शिरूरच्या घरी दिवाळीनंतर धाकट्या भावाच्या नातवाचे बारसे झाले. या वेळी चिठ्ठी आदल्या दिवशीच गेली. तीत कार्यक्रम संपण्याची वेळ आणि आवाज वाढल्यास फोन करण्यासाठी पुतण्याचा नंबर होता. फोन कोणाचा आला नाही. पावणेदहाला शेजारचा तो मुलगा, आता कॉलेजात जाणारा, स्वतःच गच्चीवर आला आणि वायरी गुंडाळायला लागला.