एक सॉकेट, वीस मिनिटं

हावड्याहून पुण्याला, आझाद हिंद, स्लीपरचा डबा. दुसऱ्या रात्री १०:४० ला मोबाइलने मान टाकली. पुण्यात बाबा आयसीयूत! कप्प्यात सॉकेट एकच, त्यावर नागपूरला चढलेल्या काकूंचा फोन. ११ ते ५ सॉकेट बंद. २०२१ मध्ये आगीच्या घटनांनंतर पुन्हा बजावलेला नियम.

मी काही बोलायच्या आत काकूंनी आपला चार्जर उपसला. "लाव रे, माझं होईल सकाळी."

पार मेलेला फोन पाच मिनिटं नुसता काळा. मग एकदाचा चालू झाला. १०:५६ ला ताईचा मेसेज : "शुद्धीवर आले. तुलाच विचारतायत."

अकराला सॉकेट बंद. माझी बॅटरी ९ टक्के, काकूंचा फोन तर पहाटेच मेला. पुणं आल्यावर त्यांच्या मुलाला माझ्याच फोनवरून कळवलं : आई पोचली.