कंदी पेढ्यांचा प्रवास

साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतणारा पाहुणा विरळाच. गेल्या दिवाळीत मात्र पेढे न्यावेत की नाही, या विचारात मी पडलो. आमच्या आत्याबाई इंदूरला असतात, वय ब्याऐंशी. वडील गेल्यापासून भाऊबीजेला मीच जातो. त्यांनी फोनवर फर्मावले, "येताना मोती चौकातले पेढे आण. माहेरची तेवढीच चव उरली आहे."

भाऊबीज सहा दिवसांवर होती. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मॉलमधला डबा न्या. त्यावर तारीख असते." मी दोन्ही घेतले.

मोती चौकातल्या दुकानदाराने आधी विचारले, "कधी खाणार?" सहा दिवस ऐकताच त्याने परातीतले कोमट पेढे बाजूस सारले. "हे आजच खाणाऱ्याला. गरम पेढा डब्यात कोंडला की त्याला घाम सुटतो, मग बुरशी आलीच." पूर्ण निवलेले, गडद तांबूस पेढे त्याने कागदी खोक्यात भरले. भरता भरता सांगू लागला : पाच लिटर म्हशीच्या दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो. तो मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतायचा. पाणी जितके आटेल तितका पेढा टिकतो. मग साखर बेताची घातली तरी चालते.

डब्याची रीत निराळी. त्यावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. माझ्या डब्यावर पहिले नाव साखरेचेच! साखर पाणी धरून ठेवते, जंतूंना मिळू देत नाही. त्यात डबा हवाबंद. म्हणून तो पेढा मऊही राहतो आणि टिकतोही. एक भाजून टिकतो, दुसरा गोडीने.

इंदूरला दोन्ही पेढे आत्याबाईंपुढे मोडले. डब्यातला लोण्यासारखा दबला. आधी गोड लागला, नंतरही गोडच. साताऱ्याचा वरून थोडा सुकला होता, पण आत रवाळ होता, बोटाला तूप लागत होते आणि भाजल्या दुधाचा खमंग वास येत होता. आत्याबाईंनी चव घेतली आणि डोळे मिटून बसल्या.

पण गावाचे नाव म्हणजे ताजेपणाची हमी नव्हे, वाचकहो! पूर्वी एकदा हमरस्त्यावरच्या एका टपरीवर 'सातारी' म्हणून घेतलेले पेढे घरी उघडले तर खवट निघाले. सुट्या मिठाईवरही 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावण्याचा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून आला. ती पाहावी, एक पेढा मोडून हुंगावा, आणि आपण कधी खाणार ते दुकानदाराला आधी सांगावे.

आत्याबाईंनी मॉलचा डबा शेजारच्या मुलांना वाटला. कागदी खोके मात्र देवघरातल्या फडताळात गेले. त्यातले पेढे मोजलेले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.