नऊ टक्क्यांचं यंत्र

‘लीज की खरेदी, यावर सोप्या भाषेत लिहा आणि आकडे शक्यतो टाळा,’ असा संपादकांचा निरोप आला. आकडे टाळले तर या विषयावर फक्त मतं उरतात आणि ती चहाच्या टपरीवरही मिळतात. म्हणून एकाच यंत्राचे आकडे देतो. हे प्रकरण गेल्या वर्षीचं आहे आणि अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

भोसरी एमआयडीसीतले एक कारखानदार व्हाल्व्हचे सुटे भाग करतात. दोन व्हीएमसी मशीन दोन पाळ्यांत चालतात. मोठ्या गिऱ्हाइकाने काम वाढवायची तयारी दाखवली आणि तिसऱ्या मशीनची गरज पडली. किंमत ३० लाख, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५ लाख ४० हजार. बँक २५ टक्के मार्जिन मागत होती. उरलेले साडेबावीस लाख साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, हप्ता साधारण ४८,४००. दुसरीकडे लीज कंपनीचा प्रस्ताव: ३ लाख बिनव्याजी डिपॉझिट, महिना ६०,००० भाडं अधिक जीएसटी, साठ महिने. मुदत संपली की डिपॉझिट परत आणि मशीनही परत.

‘‘साहेब, त्यांचा रेट फक्त नऊ टक्के आहे. बँकेपेक्षा स्वस्त. शिवाय सगळं भाडं खर्चात जातं,’’ कारखानदार म्हणाले.

हा नऊचा आकडा मी तपासला. तो बरोबर निघाला! लीज कंपनीचा एजंट खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त एक गोष्ट मोजली नव्हती: पाच वर्षांनी परत जाणारं मशीन. ते शून्य रुपयांचं धरलं तरच व्याजदर नऊ येतो. पण नीट वापरलेली, स्पिंडल आणि बॉलस्क्रू शाबूत असलेली व्हीएमसी पाच वर्षांनी भंगारात जात नाही. या मशीनला जुन्या बाजारात १२ लाख येतील असा आम्ही दोन डिलरांना विचारून अंदाज बांधला. म्हणजे लीज घेणारा भाडं देतो आणि शेवटी १२ लाखांची वस्तूही देतो, त्यातून परत मिळणारे ३ लाख वजा. हे धरून हिशोब एक्सेलमध्ये असा मांडायचा:

```
=RATE(60,-60000,2700000,-900000)*12
```

यात २७ लाख म्हणजे मशीनची किंमत वजा डिपॉझिट, आणि ९ लाख म्हणजे शेवटी हातून जाणारी निव्वळ रक्कम. उत्तर येतं साधारण साडेअठरा टक्के. मशीन ६ लाखांचंच उरेल असं धरलं तर दर साडेचौदाच्या आसपास उतरतो. बँकेच्या साडेदहा टक्क्यांशी बरोबरी व्हायला ते जेमतेम दीड लाखाला विकलं जायला हवं. लीजचा खरा दर करारपत्रात छापलेला नसतो, तो जुन्या मशीनच्या बाजारभावात असतो. लोक मात्र हप्ता आणि भाडं शेजारी ठेवून निर्णय घेतात.

आता ते ‘सगळं भाडं खर्चात’. या वाक्याने माझी निम्मी कारकीर्द खाल्ली आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. भाडं खर्चात जातं हे खरंच आहे. खरेदीत मशीनची किंमत एकदम खर्चात जात नाही. दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा मिळतो, म्हणजे पाच वर्षांत सुमारे १६ लाख ७० हजार, आणि कर्जाचं व्याज साडेसहा लाख. एकूण सव्वातेवीस लाखांच्या आसपास. लीजमध्ये खर्च ३६ लाख. तीस टक्के कर भरणाऱ्याला लीजमुळे पाच वर्षांत पावणेचार लाखांच्या थोडा वर जास्त करबचत होते. पण ती बचत होते कारण पैसे खरोखर खिशातून गेलेले असतात. शिवाय खरेदीत घसारा न झालेले १३ लाख वहीत शिल्लक असतात आणि मशीनही दारात उभं असतं. लीजवरच्या मालमत्तेचा घसारा कोणाचा, यावरही वर्षानुवर्षं वाद झाले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयसीडीएसच्या खटल्यात लीजवर दिलेल्या वाहनांवरचा घसारा लीज देणाऱ्या कंपनीचाच मानला, वाहनांची नोंदणी घेणाऱ्याच्या नावावर असूनही. ताळेबंदात मालमत्ता कोणाच्या बाजूला दाखवायची याचे नियम निराळे, आयकराचे निराळे... असो. संपादक कापतील, त्याआधी मीच थांबतो. एवढंच म्हणतो की कर वाचवायला म्हणून जास्त महाग पैसा घेणारे अशील मला दर मार्चमध्ये भेटतात.

कारखानदारांचा खरा मुद्दा दुसराच होता, आणि तो बोलता बोलता बाहेर आला. ‘‘साहेब, गिऱ्हाइकाने काम काढून घेतलं तर? लीजमध्ये मशीन परत करता येईल ना?’’

करारपत्र उघडलं. लॉक-इन पूर्ण साठ महिन्यांचं. मध्येच सोडलं तर उरलेलं सगळं भाडं एकरकमी. दोन वर्षांनी काम गेलं असतं तर छत्तीस महिन्यांचे २१ लाख ६० हजार द्यायचे आणि मशीनही लीज कंपनीचंच. कर्ज असतं तर तेव्हा शिल्लक साधारण १४ लाख ९० हजार राहिली असती. मशीन १९ लाखांना विकून कर्ज फेडलं असतं तरी चार लाख हातात उरले असते. ज्या भीतीपोटी त्यांना लीज हवी होती, ती भीती या लीजमध्ये कर्जापेक्षा मोठी होती. देखभाल, विमा आणि बिघाडही त्यांच्याच माथी. भाडं म्हणजे सुटसुटीत आणि कर्ज म्हणजे गळ्याला फास, हा समज लोकांच्या डोक्यातून कधी जाणार, कोण जाणे.

मी खरेदीचा सल्ला दिला. तरी त्यांनी लीजच घेतली.

कारण साधं होतं. खरेदीला सुरुवातीलाच मार्जिनचे साडेसात लाख आणि जीएसटीचे ५ लाख ४० हजार लागणार होते. जीएसटीची वजावट मिळते, पण ती महिन्यामहिन्याने विक्रीवरच्या करातून वळती होते, मशीन विकणाऱ्याला मात्र पैसे आधी द्यावे लागतात. त्यांचं गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतं. सीसी लिमिट काठोकाठ वापरलेलं. तेरा लाख मशीनमध्ये अडकले असते तर माल आणायला पैसे उरले नसते आणि नवं मशीन रिकामं उभं राहिलं असतं. माझ्या कागदावर साडेअठरा टक्के महाग होते, त्यांच्या शॉपफ्लोअरवर बहुधा नव्हते. ‘बहुधा’ म्हणतो, कारण त्या महिन्यांत सीसी लिमिट वाढवून घेण्याचा प्रयत्न आम्ही पुरेसा नेटाने केला का, हे आजही मला नक्की सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही मिळवली. दोन आठवडे घासाघीस करून लॉक-इन चोवीस महिन्यांवर आणलं आणि शेवटी ठरलेल्या किमतीला मशीन विकत घेण्याचा हक्क करारात लिहून घेतला. कंपनीने भाडं हजार रुपयांनी वाढवलं. ते पटण्यासारखं होतं.

गाडीच्या बाबतीतही रीत हीच. फरक एवढाच की मालवाहू टेम्पोच्या जीएसटीची वजावट मिळते, मालकाच्या फिरण्याच्या मोटारीची सहसा मिळत नाही, मग ती विकत घ्या नाहीतर लीजवर. ‘लीजवर घेतली की जीएसटी परत मिळतो’ असं शोरूममध्ये कोणी सांगितलं तर ते लेखी मागा.

तुमच्यासमोर असा करार आला तर भाड्याचा आकडा सगळ्यांत शेवटी बघा. आधी जुन्या मशीनच्या दोन-तीन डिलरांना फोन करून पाच वर्षांनंतरचा भाव विचारा, मग मुदतीआधी सोडल्यास काय द्यावं लागेल ते कलम वाचा, आणि ते समजलं नाही तर सही करण्याआधी आपल्या सीएकडे जा. मार्चमध्ये नाही, आत्ता.