एक अर्ज असाही

पगारवाढीचे अर्ज मला नवे नाहीत. परंतु गेल्या महिन्यात माझ्या गॅरेजातल्या एका चोवीस वर्षांच्या मेकॅनिकने वहीच्या पानावर लिहून दिलेले पत्र निराळेच होते. ‘शेठ, स. न. वि. वि. मला पगार वाढवून नको. गॅरेज कसे चालवतात ते शिकवा,’ अशी त्याची सुरुवात होती.

पुढे त्याने एका गाडीची हकीकत लिहिली होती. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते म्हणून ती आली. एका जोडीदाराने डिस्क आणि पॅड नवे घातले. गिऱ्हाईक खूश होऊन गेले. चार महिन्यांनी तीच थरथर घेऊन गाडी परत! या मुलाने डिस्क उतरवली, तर मागे हबवर गंजाचे पापुद्रे तसेच. त्यांवर बसलेली डिस्क केसभर तिरकी फिरत होती. प्रत्येक फेऱ्यात ती पॅडला एकाच जागी घासली, तेवढ्या जागी झिजली, आणि जाडी असमान होताच ब्रेक हादरू लागला. हब तारेच्या ब्रशने घासून डायल गेज लावायला पंधरा मिनिटे पुरली असती.

‘दुसऱ्या खेपेचे तीन तास फुकट गेले, हे मला कळते,’ त्याने लिहिले होते, ‘पण ते तुम्हांला कितीला पडले, हे कळत नाही.’

हा प्रश्न वाचून मी चष्मा पुसला. भाडे, पगार, वीज मिळून माझा महिन्याचा खर्च एक लाख साठ हजार. दोन मेकॅनिकांचे तास चारशे. कोणीही म्हणेल, तास चारशे रुपयांना पडला. मात्र सुट्या भागांची वाट पाहणे, ट्रायल, झाडलोट आणि परत आलेल्या गाड्या वजा केल्या, तर बिलावर चढतात जेमतेम अडीचशे तास. म्हणजे तास पडतो सहाशे चाळीसला! पाचशे मजुरी लावणारा मनात शंभर मिळवतो आणि हिशेबात एकशे चाळीस घालवतो. ते तीन तास मला १,९२० रुपयांना पडले. शिवाय डिस्क पुन्हा नवी घालावी लागली, ती वेगळी.

‘शिकवाल, आणि उद्या तो समोरच दुकान थाटील,’ आमच्या सौभाग्यवतींनी बजावले. थाटीलही! माझ्याकडचा सर्वांत चांगला हात तो आहे. तरीही मी त्याला होकार कळवला. सोमवारपासून गाडीची तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत जॉबकार्डावर तो लिहील, त्याच्यासोबत गाडी चालवून पाहील, काम सुरू होण्यापूर्वी अंदाज मांडील आणि शनिवारी तो प्रत्यक्ष लागलेल्या तासांशी ताडून पाहील. असे वर्षभर. मजुरीचा दर ठरवण्याचे काम त्यानंतर.

पहिल्या शनिवारी त्याचे सात अंदाज तपासले. पाच कमी निघाले. ट्रायलचा वेळ त्याने एकाही कामात धरला नव्हता.