चाळीस स्पोकांचं चाक

सायकलच्या दुकानात ‘आऊट काढून द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत काम उरकतं. पोरगा सायकल उलटी करतो, चाक फिरवतो, चिमट्याला टेकवून खडू धरतो. रिंग जिथे खडूला घासते तिथले दुसऱ्या बाजूचे दोन-तीन निपल आवळतो. चाक सरळ फिरू लागतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. मी तिथे उभा असलो तर माझं बोट आपोआप स्पोकांकडे जातं. एकेक छेडत गेलं की कळतं, हे चाक सरळ आहे खरं, पण फार दिवस राहणार नाही. पोराला मात्र काही बोलत नाही. पाच मिनिटांचे पैसे घेऊन त्याने तासाभराचं काम का करावं?

ही खोड मला मिस्त्रींनी लावली. 1980च्या आसपासचं पुणं म्हणजे सायकलींचंच पुणं. आमच्या पेठेत तासावर सायकली भाड्याने देणारं एक दुकान होतं आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे पंक्चर काढायला, छर्रे धुवायला बसायचो. नवीन चाक विणणं आणि जुन्याचा आऊट काढणं ही दोन कामं तिथले मिस्त्री दुसऱ्या कुणाला देत नसत. निपलचा गोल, खाचांचा पाना त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात असे. तो खिशाबाहेर आला की मी छर्रे बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी जाऊन बसत असे.

एका गवळ्याची सायकल तिथे वरचेवर यायची. काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. अशा सायकलच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस स्पोक असतात. याच्या मागच्या चाकाचा दर थोड्या दिवसांनी एक स्पोक तुटायचा. वाटेत जे दुकान दिसेल तिथे तो नवा घालून घ्यायचा आणि पुन्हा तुटला की शिव्या देत आमच्याकडे यायचा.

मिस्त्रींनी चाक काढलं, टायर-ट्यूब उतरवली, आणि पाना हातात न घेता चाक नुसतंच फिरवून मला दाखवलं.

“सरळ आहे?”

“जवळजवळ सरळ आहे, काका.”

“आता वाजव.”

जिथे स्पोक एकमेकांना ओलांडतात तिथे ते एकमेकांना टेकलेले असतात. म्हणून त्या फुलीच्या वर, रिंगेकडच्या मोकळ्या भागात छेडायचं, असं त्यांनी बोट धरून दाखवलं. मी आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे सगळे वाजवत गेलो. काही टणक, उंच आवाजाचे. मध्येच एखादा असा की वाजण्याऐवजी नुसता खरखरला. ज्या ठिकाणी शेवटचा नवा स्पोक घातला होता, तिथे तो स्वतः आणि त्याच्या शेजारचे, समोरच्या बाजूचे दोन, असे तीन जवळजवळ मुके होते.

“काय केलंय कळलं का?” मिस्त्री म्हणाले. “उजवीकडचा तुटला. मग डावीकडच्यांना अडवणारं कुणी राहिलं नाही, त्यांनी रिंग आपल्याकडे ओढली. नवा घातला तो पुरता आवळला नाही. त्याऐवजी डावीकडचे दोन ढिले केले, रिंग आली जागेवर. बघणाऱ्याला काय, सरळच दिसणार.”

ही ओढाताण मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. हबला दोन कडा असतात, डावी आणि उजवी. रिंगेवर येणारा प्रत्येक स्पोक यांपैकी एकीकडून येतो, पुढचा दुसरीकडून. दोघे सारख्या ताकदीने ओढत असतील तर रिंग मध्ये थांबते. पण दोघे सारखेच अशक्त असले तरी ती मध्येच थांबते! नजरेला या दोन चाकांतला फरक कळत नाही, कानाला कळतो.

मी विचारलं, “सरळ आहे ना, मग ढिले असले तर बिघडलं कुठे?”

मिस्त्रींनी यावर भाषण दिलं नाही. भाड्याची एक सायकल भिंतीला लावली आणि तिच्या मागच्या चाकाचा, जमिनीकडे सरळ खाली आलेला स्पोक वाजवला. मग मला सीटवर बसायला सांगितलं आणि तोच पुन्हा वाजवला. आवाज चांगलाच खाली उतरला होता. वरचा, सीटकडे जाणारा वाजवला. तो माझ्या बसण्या-उठण्याने फारसा बदलत नव्हता. माझी समजूत होती की हब वरच्या स्पोकांना लटकलेला असतो आणि वजन वाढलं की ते अधिक ताणले जातात. तसं असतं तर वरच्याचा आवाज चढायला हवा होता.

बैलगाडीच्या चाकाचा जाड लाकडी आरा खालून टेकू देतो. सायकलची दोन मिलिमीटरची तार असा टेकू देऊ शकत नाही, ती लगेच वाकेल. म्हणून तिला आधीच खेचून ठेवतात. वजन आलं की जमिनीजवळ रिंग किंचित दबते, खालच्या चार-पाच स्पोकांचा ताण उतरतो आणि त्यांची हबला खाली ओढणारी ताकद तेवढी कमी होते. खाली ओढणं कमी झालं म्हणजे वर ढकलल्यासारखंच झालं. पुढे कितीतरी वर्षांनी जॉब्स्ट ब्रँट यांचं 1981 साली निघालेलं ‘द बायसिकल व्हील’ हे पुस्तक हाती आलं. त्यात हेच आकडेमोड करून मांडलेलं होतं, आणि मला भिंतीला लावलेली ती भाड्याची सायकल आठवली.

तर, प्रत्येक स्पोक चाकाच्या एका फेऱ्यात एकदा सैलावतो आणि परत ताणला जातो. अठ्ठावीस इंची चाक किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे घेतं. गवळी दिवसाला वीस किलोमीटर फिरत असेल तर नऊ हजार वेळा. ज्याला मुळात पुरेसा ताण आहे तो खाली आल्यावरही थोडा ताठ राहतो. जो आधीच ढिला, त्याचा ताण पार संपतो. तो निपलमध्ये खिळखिळतो, खड्ड्याखड्ड्याला निपल आपोआप उलटा फिरतो आणि स्पोक आणखी ढिला होतो. शिवाय हबच्या कडेतून बाहेर येताना त्याला जे काटकोनी वळण असतं, तिथे तो रोज नऊ हजार वेळा हलतो. गवळ्याचे तुटलेले स्पोक सगळे त्या वळणावरच गेलेले होते. मिस्त्रींनी एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. जोराने खेचून तुटलेली तार टोकाशी बारीक होते. याचं टोक पूर्ण जाडीचं होतं, सपाट, रवाळ. वाकून वाकून दमलेलं लोखंड असं तुटतं.

गवळी परत आला तेव्हा मिस्त्री म्हणाले, “चाळीसही बदलायला लागतील.”

“एक तुटला, मिस्त्री. चाळीसचे पैसे कशाचे मागता?”

“एक तुटला नाही, पहिले पाच-सहा तुटलेत. बाकीचे रांगेत उभे आहेत.”

बरीच घासाघीस झाली, पण शेवटी त्याने पैसे दिले.

दुपारी गिऱ्हाईक नसताना आम्ही चाक विणलं. निपलच्या आट्यांना थेंब थेंब तेल. सगळे निपल आधी सारख्या खोलीपर्यंत. स्पोकचा शेवटचा आटा निपलमध्ये जेमतेम लपेल इतके. मग व्हॉल्वच्या भोकापासून सुरुवात करून प्रत्येकाला अर्धा फेरा, परत भोकापाशी आलं की पुन्हा अर्धा. कुठेतरी रिंग वाकडी दिसते म्हणून मधेच तिथे पाना लावायचा माझा हात त्यांनी दोनदा मागे घेतला. “आधी सगळे बरोबरीला येऊ देत. मग ती कुठे जाते ते बघू.” आणि खरोखर, ताण चढत गेला तशी रिंग बरीचशी आपसूकच सरळ झाली. उरलेला आऊट काढताना ते एका बाजूला जितकं आवळत तितकंच शेजारी दुसऱ्या बाजूला सोडत. रिंग बाजूला सरकते, पण त्या जागचा एकूण ताण बदलत नाही आणि रिंग आत खेचली जाऊन चपटी होत नाही. पाना थोडा जास्त फिरवून किंचित मागे घेत, कारण निपलबरोबर तारही पिळली जाते आणि तो पीळ रस्त्यावर सुटला की चाक पुन्हा हलतं.

शेवटी त्यांनी समांतर स्पोकांच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून करकचून आवळल्या, पूर्ण चाकभर. वळणाच्या जागी कारखान्यापासून अडकून राहिलेला ताण यातून सुटतो, हे मला ब्रँटच्या पुस्तकातून कळलं. मिस्त्री फक्त म्हणायचे, “बसू दे त्याला.” त्यानंतर रिंग जरा हलली, ती पुन्हा जुळवली. खूप जास्त आवळलेलं चाक या दाबाला डावी-उजवीकडे लाटा घेऊन वाकडं होतं. तसं दिसलं तर सगळ्यांना अर्धा फेरा सोडायचा.

कॉलेजात मी माझ्या सायकलची दोन्ही चाकं स्वतः विणली. मग नोकरी, स्कूटर. तिच्या पत्र्याच्या चाकांना वाजवायला काही नव्हतंच. पन्नाशी ओलांडल्यावर गिअरची सायकल घेतली आणि पहिल्यांदा मागचं चाक वाजवलं तेव्हा चपापलो. उजवीकडचे सगळे उंच, डावीकडचे सगळे खाली. कुणीतरी वाईट विणलंय असं वाटलं. पण दोष कुणाचा नव्हता. गिअरच्या चकत्यांना जागा द्यायला उजवी कडा आत सरकवलेली असते, उजवे स्पोक जवळजवळ उभे राहतात आणि रिंग मध्ये धरायला त्यांना डाव्यांपेक्षा पुष्कळ जास्त ताण लागतो. म्हणजे बरोबरी एका बाजूच्या स्पोकांनी आपसांत करायची. मिस्त्रींच्या काळ्या सायकलींना मागे एकच फ्रीव्हील असे, त्यामुळे त्यांना हा फरक कधी सांगावा लागला नाही.

हल्ली चांगल्या दुकानात ताण मोजायचं यंत्र असतं. गेल्या पावसाळ्याआधी एका मुलाने माझं चाक त्यावर घेतलं. उजवीकडे शंभर किलोच्या आसपास आकडे आले, डावीकडे साठ. एका बाजूचे स्पोक त्यांच्या सरासरीच्या वीस टक्क्यांच्या आत असावेत असा सर्वसाधारण दंडक आहे. ताण वीस टक्क्यांनी उतरला की आवाज साधारण दहा टक्क्यांनी उतरतो, म्हणजे रे वरून सा वर यावं इतका. साधा कानही तेवढं पकडतो. त्यामुळे कुठले ढिले ते मला आधीच माहीत होतं. यंत्राने किती ते सांगितलं.

डावीकडचे दोन चाळिशीत होते, व्हॉल्वच्या बरोबर समोर. मुलाने पाना लावला.

“थांब,” मी म्हटलं. “तिथे रिंगेचा जोड आहे. आधी ते दोन आणि शेजारचे पूर्ण सोड, आणि रिंग कुठे जाते ते बघ.”

त्याने सोडले. ओढायला कुणी नसतानाही रिंग त्या जागी डावीकडेच झुकलेली राहिली. ती मुळातच तशी होती. तिला सरळ धरायची तर ताण असमान ठेवावा लागणार, आणि ताण समान करायचा तर ती थोडी वाकडी फिरणार. ब्रेकच्या रबराला घासणार नाही इतका आऊट ठेवून आम्ही ते दोन स्पोक पन्नासवर आणले. मुलाने विचारलं, रिंग बदलायची का. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू, टायर चढव.